डिजिटल सातबारा आधी, नमस्कार नंतर

जून लागला की पीककर्जाची धावपळ सुरू होते. बँक सातबारा मागते. ज्याला तो मोबाईलवर काढता येत नाही तो यूट्यूब उघडतो आणि शोधाच्या चौकटीत ‘डिजिटल सातबारा’ असे लिहितो किंवा माइकचे बटण दाबून बोलतो. समोर व्हिडिओंची रांग येते. त्यातल्या पुष्कळ शीर्षकांची सुरुवात ‘घरबसल्या’, ‘फक्त 5 मिनिटांत’, ‘शेतकऱ्यांसाठी मोठी बातमी’ अशा शब्दांनी होते आणि मोबाईलच्या पडद्यावर सातबारा हा शब्द येण्याआधीच शीर्षक तीन टिंबांत संपते. व्हिडिओ कदाचित उत्तम असेल, पण आपल्याला हवे ते यातच आहे हे बघणाऱ्याला कळणार कसे? तो पुढच्या व्हिडिओकडे जातो.

व्हिडिओ पुन्हा चित्रित न करता हे दुरुस्त करता येते. यूट्यूब स्टुडिओत शीर्षक आणि वर्णन कधीही बदलता येते. व्हिडिओचा पत्ता तोच राहतो, मिळालेले व्ह्यूज जात नाहीत. मात्र कोणता शब्द कुठे जाणार आणि का, हे ठाऊक असल्याशिवाय बदलाला हात घालू नये. म्हणून सातबाऱ्याच्याच एका व्हिडिओचे शीर्षक आणि वर्णन घेऊन ते ओळीओळीने सुधारून बघू. नमुना मी तयार केलेला आहे, पण असे व्हिडिओ यूट्यूबवर हवे तेवढे सापडतील.

मूळ शीर्षक असे आहे:

```
घरबसल्या फक्त 5 मिनिटांत मोबाईलवरून काढा आपल्या शेताचा डिजिटल सातबारा उतारा | संपूर्ण माहिती
```

शीर्षकाची मर्यादा 100 अक्षरांची असते. ही मोजणी आपण शाळेत अक्षरे मोजतो तशी होत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त या सगळ्या खुणा वेगवेगळ्या धरल्या जातात. ‘सातबारा’ आपल्याला चार अक्षरांचा शब्द वाटतो, यंत्राच्या हिशेबात तो सातचा आहे. त्यामुळे मराठी शीर्षक अंदाजापेक्षा लवकर भरते. वरच्या शीर्षकाने 92 खुणा खर्च केल्या आहेत आणि ज्या शब्दासाठी माणूस इथवर आला तो ‘सातबारा’ 63व्या जागेवर सुरू होतो.

पडद्यावर शीर्षक कुठे तुटणार ते मात्र खुणांवर नव्हे, रुंदीवर ठरते. मोबाईलवरच्या यादीत साधारण दोन ओळींत मावेल तेवढे दिसते. व्हिडिओ चालू असताना शेजारी सुचवल्या जाणाऱ्या यादीत जागा आणखी अरुंद असते. कुणाच्या फोनवर अक्षर मोठे ठेवलेले असते, आणि वयस्कर माणसांच्या फोनवर बहुधा असतेच. त्यामुळे अमुक इतक्या अक्षरांपर्यंत सगळे दिसते, असा पक्का आकडा सांगता येत नाही. शीर्षकाचा पुढचा अर्धा भाग दिसेल आणि मागच्याचा भरवसा नाही, एवढे धरून चालावे.

सुधारलेले शीर्षक असे होईल:

```
डिजिटल सातबारा (7/12) मोबाईलवर कसा काढायचा
```

हे 42 खुणांत बसते. मुख्य शब्द पहिल्या जागी आले. लोक सातबारा जसा अंकांतही लिहितात तसा तो कंसात आला. पुढच्या तीन शब्दांत व्हिडिओ नेमके काय दाखवतो ते कळले. ‘घरबसल्या’ गेले, कारण मोबाईलवर म्हटल्यावर ते वेगळे सांगायला नको. ‘संपूर्ण माहिती’ गेले, कारण ते कुठल्याही व्हिडिओला चिकटवता येते आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘फक्त 5 मिनिटांत’ जाणे मला सर्वांत गरजेचे वाटते. सरकारी संकेतस्थळ गर्दीच्या दिवसांत किती वेळ घेईल हे व्हिडिओ करणाऱ्याच्या हातात नसते, आणि जे हातात नाही त्याचे वचन शीर्षकात देऊ नये.

मुख्य शब्द पुढे आणल्याने व्हिडिओ शोधात आपोआप वर चढतो, असे ठामपणे सांगणारे बरेच भेटतात. यूट्यूबने शोधाच्या निकालांबद्दल स्वतः सांगितलेली गोष्ट एवढीच, की शीर्षक, टॅग, वर्णन आणि प्रत्यक्ष व्हिडिओ शोधलेल्या शब्दांशी किती जुळतात ते पाहिले जाते, शिवाय लोक तो व्हिडिओ किती बघतात आणि चॅनेल त्या विषयात किती विश्वासार्ह आहे याचाही विचार होतो. शब्द पहिला आला म्हणून अमुक गुण मिळतात, असा नियम जाहीर केलेला नाही. शब्द पुढे आणायचा तो मुख्यतः वाचणाऱ्यासाठी. त्याची नजर ओळीच्या सुरुवातीला पडते, तिथे आपलाच शब्द दिसला की तो थांबतो.

हा मुख्य शब्द स्वतःच्या मनाने ठरवू नये. यूट्यूबच्या शोधचौकटीत ‘सातबारा’ लिहून थांबलात की खाली लोक शोधत असलेल्या शब्दांच्या सूचना येतात. त्या स्वतःच्या खात्यातून न पाहता ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पाहाव्यात, नाहीतर आपणच आधी शोधलेले शब्द समोर येतात. व्हिडिओ जुना असेल तर याहून चांगला पुरावा स्टुडिओत असतो. तिथे त्या व्हिडिओच्या Analytics मध्ये प्रेक्षक कुठून आले ते दिसते, आणि त्यातला YouTube search हा पर्याय उघडला की लोकांनी कोणते शब्द लिहून हा व्हिडिओ गाठला त्यांची यादी मिळते. शीर्षकात ‘अधिकार अभिलेख’ असेल आणि यादीत सगळीकडे ‘सातबारा’ असेल, तर निर्णय झालाच. अभिलेख हा शब्द बरोबर आहे, पण तो लोकांच्या तोंडात नाही.

काही जण रोमन लिपीत satbara असे लिहून शोधतात. त्यांच्यासाठी शीर्षकात तीन-तीन लिप्यांची खिचडी करू नये. वेगवेगळ्या वर्तनीसाठी टॅगची चौकट आहे, ती तिथे वापरावी. टॅगचा प्रभाव थोडाच असतो, पण चुकीच्या किंवा पर्यायी वर्तनीसाठी त्यांचा उपयोग होतो असे यूट्यूबच सांगते. हेच शब्द वर्णनाच्या तळाशी स्वल्पविराम देऊन पन्नासदा लिहिण्याची सवय मात्र सोडावी. वर्णनात टॅगचे ढीग ओतणे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यासाठी व्हिडिओ काढूनही टाकला जाऊ शकतो.

आता वर्णनाकडे वळू. व्हिडिओखाली वर्णनाचा अगदी थोडा भाग आपोआप दिसतो, बाकीचा उघडून वाचावा लागतो. शोधाच्या निकालातही कधी कधी त्यातल्या ओळीचा तुकडा दिसतो. ही मोक्याची जागा बहुतेक चॅनेल अशी वापरतात:

```
नमस्कार मित्रांनो, आमच्या चॅनेलवर आपले मनःपूर्वक स्वागत आहे.
चॅनेल सबस्क्राइब करा आणि बेल आयकॉन दाबायला विसरू नका.
```

मग व्हॉट्सअॅप ग्रुपची लिंक, टेलिग्रामची लिंक, इन्स्टाग्रामची लिंक, आणि अगदी खाली, सापडली तर, सातबाऱ्याच्या संकेतस्थळाची लिंक. स्वागत व्हिडिओच्या सुरुवातीला तोंडी होऊन गेलेले असते. वर्णन उघडणारा माणूस काम अर्धवट अडल्यामुळे उघडतो आणि त्याला बहुधा संकेतस्थळाचा पत्ताच हवा असतो. तेव्हा सुरुवात अशी करावी:

```
डिजिटल सातबारा (7/12) मोबाईलवर कसा काढायचा, 15 रुपये शुल्क कसे भरायचे आणि पैसे जाऊनही उतारा आला नाही तर काय करायचे, ते यात दाखवले आहे.

सहीचा उतारा, शुल्क लागते:
https://digitalsatbara.mahabhumi.gov.in

फक्त बघण्यासाठी, विनाशुल्क:
https://bhulekh.mahabhumi.gov.in
```

दोन्ही पत्त्यांवर मी एकेक लेबल लावले आहे आणि खरे काम त्या लेबलांचेच आहे. महाराष्ट्रात सातबारा ऑनलाइन दोन प्रकारे मिळतो. एक नुसता माहितीसाठी बघता येतो, त्याला पैसे पडत नाहीत, पण तो कार्यालयीन कामाला चालत नाही. दुसऱ्यावर डिजिटल सही असते, त्याला शुल्क पडते आणि तो बँकेत किंवा कार्यालयात देता येतो. वर्णनात ‘ऑफिशियल लिंक’ एवढेच लिहिले तर माणूस विनाशुल्क उतारा छापून बँकेत नेतो आणि परत येतो. त्याचा गेलेला दिवस एका ओळीने वाचला असता.

पत्ता लिहितानाच्या काही गोष्टी बारीक आहेत, पण लिंक त्यांवरच चालते किंवा बंद पडते. सुरुवातीचे https:// गाळू नये, नाहीतर ती लिंक न होता नुसता मजकूर राहण्याची शक्यता असते. पत्ता स्वतंत्र ओळीवर असावा. मराठीत आपण शब्दाला प्रत्यय जोडतो, त्याच ओघात पत्त्यालाही ‘वर’ किंवा ‘ला’ चिकटवतो, किंवा वाक्य संपले म्हणून पूर्णविराम देतो. ते चिन्ह पत्त्याचाच भाग समजले गेले तर लिंक भलतीकडे जाते. लॉगिन केल्यानंतर ब्राउझरमध्ये दिसणारा लांबलचक पत्ता देऊ नये. तो आपल्या त्या वेळच्या सत्रापुरता असतो आणि दुसऱ्याने उघडला की सत्र संपल्याचा संदेश येतो. मुख्य पानाचाच पत्ता द्यावा. आणि सरकारी कामाच्या व्हिडिओत तरी लहान केलेल्या लिंक वापरूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्त्याच्या शेवटी gov.in दिसते, हीच बघणाऱ्याची खात्री असते. लिंक लहान केली की ती खात्री झाकली जाते आणि सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइटवर पैसे भरणाऱ्याला सावध व्हायची संधी उरत नाही.

लिंक बरोबर लिहूनही ती निळी होत नाही, तिच्यावर बोट ठेवले तरी काही उघडत नाही, अशी तक्रार नव्या चॅनेलवाल्यांकडून वारंवार ऐकू येते. तेव्हा दोष बहुधा लिहिण्यात नसतो. वर्णनात यूट्यूबबाहेरच्या लिंक चालण्यासाठी चॅनेलला प्रगत सुविधांची परवानगी लागते. फोन नंबर पडताळल्यानंतर ओळखपत्र किंवा स्वतःचा छोटा व्हिडिओ देऊन, अथवा चॅनेलचा पुरेसा इतिहास तयार झाल्यावर, ती मिळते. स्टुडिओच्या सेटिंगमध्ये चॅनेलच्या पात्रतेखाली हे दिसते. शॉर्ट्सचे तर वेगळेच आहे. 31 ऑगस्ट 2023 पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि प्रतिक्रियांतल्या लिंक दाबता येत नाहीत. म्हणून शॉर्टमध्ये ‘लिंक डिस्क्रिप्शनमध्ये आहे’ असे सांगू नये. शॉर्टच्या तपशिलात Related video म्हणून आपला मोठा व्हिडिओ जोडता येतो, प्रेक्षकाला तिकडे पाठवावे.

लिंकच्या खाली वेळा लिहायच्या. आपल्या नमुन्यातल्या वेळा अशा आहेत:

```
0:00 डिजिटल सातबारा म्हणजे काय
0:48 ओटीपीने लॉगिन
2:15 जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर निवडणे
4:05 15 रुपये शुल्क भरणे
5:40 पीडीएफ उतरवून घेणे
6:30 पैसे गेले, उतारा आला नाही
```

यादी अशी लिहिली की यूट्यूब व्हिडिओच्या पट्टीचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याला आपण दिलेले नाव लावते. त्यासाठी अटी आहेत. पहिली वेळ 0:00 च हवी, निदान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि कोणताही तुकडा 10 सेकंदांपेक्षा लहान नको. अंक 0 ते 9 असेच, इंग्रजी कळफलकावरचे लिहावेत. देवनागरी अंकांच्या भानगडीत पडू नये. यातली एखादी अट मोडली की पट्टी अखंड राहते. गंमत अशी की वर्णनातल्या वेळा तेव्हाही निळ्या दिसतात आणि दाबल्या की त्या जागी नेतात, त्यामुळे सगळे ठीक आहे असा समज होतो. तपासायचे असेल तर वर्णनाकडे न बघता व्हिडिओच्या पट्टीकडे बघावे. ती तुटक दिसली तरच काम झाले.

नावांतही कामाचा शब्द आधी हवा. ‘स्टेप 1’, ‘स्टेप 2’ असे लिहिले तर शुल्कापाशी अडलेल्या माणसाला सगळे तुकडे उघडून बघावे लागतात. प्रत्येक नावात ‘डिजिटल सातबारा’ पुन्हा घालायचीही गरज नाही, पट्टीवर जागा तेवढीच असते. ‘पैसे गेले, उतारा आला नाही’ हे नाव मी मुद्दाम ठेवले आहे. अडचणीत सापडलेला माणूस हेच वाक्य बोलतो. गुगलवर शोधतानाही वर्णनातल्या या वेळा आणि त्यांची नावे कधी कधी निकालात व्हिडिओखाली दिसतात, तेव्हा ते वाक्य त्याला थेट त्या जागी आणू शकते.

आता मुख्य मोडतोड बघा. व्हिडिओच्या सुरुवातीला चॅनेलचे संगीत आणि लांबण आहे, लोक तिथेच सोडून जातात, हे लक्षात आल्यावर तुम्ही स्टुडिओच्या संपादकात पहिले 40 सेकंद कापले. व्हिडिओ लहान झाला, वर्णन मात्र जसेच्या तसे राहिले. वर्णन हा साधा मजकूर आहे, व्हिडिओ कापला म्हणून त्यातले आकडे बदलत नाहीत. आता 4:05 दाबणारा शुल्क भरण्याच्या मध्यावर जाऊन पडतो, आणि ‘पैसे गेले’वाला त्याचे उत्तर अर्धे उलटून गेल्यावर पोहोचतो. तेव्हा प्रत्येक वेळेतून 40 सेकंद वजा करायला हवेत. 2:15 चे 1:35 होईल, 4:05 चे 3:25, 5:40 चे 5:00 आणि 6:30 चे 5:50. पण 0:48 चे 0:08 होते, म्हणजे पहिला तुकडा आठच सेकंदांचा उरतो, आणि त्या एका ओळीपायी सगळ्या व्हिडिओचे तुकडे नाहीसे होतात. इलाज म्हणजे ती ओळ काढून पहिल्या ओळीत मिसळणे:

```
0:00 ओळख आणि ओटीपीने लॉगिन
1:35 जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर निवडणे
3:25 15 रुपये शुल्क भरणे
5:00 पीडीएफ उतरवून घेणे
5:50 पैसे गेले, उतारा आला नाही
```

जाहिरातींमुळे वेळा सरकत नाहीत, त्यांची काळजी करू नये. पण कापाकापीनंतर प्रत्येक वेळ एकदा दाबून बघावी. तुम्ही स्वतः इतर व्हिडिओंत किंवा व्हॉट्सअॅपवर ‘इथून बघा’ म्हणून वेळेसकट दिलेल्या लिंकही त्याच हिशेबाने चुकलेल्या असतात. त्यांच्या शेवटी `t=245` असे सेकंद असतात. 245 म्हणजे 4:05. आता तिथे 205 हवे. दुसऱ्यांच्या फोनमध्ये गेलेल्या जुन्या लिंक मात्र आपल्याला दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून कापायचे असेल तर व्हिडिओ प्रसिद्ध केल्यानंतर लवकरच कापावे.

संकेतस्थळाचा पत्ता बदलला आणि तो तुमच्या शंभर व्हिडिओंत असला, तर एकेक उघडायची गरज नाही. स्टुडिओतल्या Content यादीत व्हिडिओंवर खूण करून वर्णनाचे संपादन निवडले की सगळ्यांत एकदम शोधून बदलण्याचा पर्याय मिळतो. तिथेच सगळे वर्णन पुसून नवे घालण्याचाही पर्याय असतो. चुकून तो निवडला तर शंभर वर्णनांतल्या वेळा एका क्षणात जातात. आधी एकाच व्हिडिओवर करून बघावे, तो उघडून तपासावा, मगच बाकीचे घ्यावेत.

शीर्षक बदलल्यावर दुसऱ्या दिवशी आकडे बघून पुन्हा बदलू नये. जुने शीर्षक आणि बदलाची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि थंबनेल, शीर्षक, वर्णन एकाच दिवशी बदलू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. स्टुडिओ आकडे मुळातच 28 दिवसांचे दाखवतो, तेवढा काळ थांबून आधीच्या 28 दिवसांशी ताडून बघावे. सातबाऱ्यासारख्या विषयात हंगामाचाही हात असतो. जूनमधली वाढ शीर्षकाची की पीककर्जाची, हे मागच्या वर्षीच्या जूनशी तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही. शोधातून आलेल्यांची यादी बघावी आणि लोक शुल्काच्या तुकड्यावर थेट उडी मारतात का ते प्रेक्षक टिकण्याच्या आलेखात बघावे. तिथे उंचवटा दिसला तर त्याच एका अडचणीवर वेगळा छोटा व्हिडिओ करावा आणि त्याची लिंक याच वर्णनात, संकेतस्थळाच्या पत्त्याखाली द्यावी.

तुमचे चॅनेल असेल तर आज सर्वाधिक बघितला जाणारा एक जुना व्हिडिओ दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडा. शीर्षक कुठे तुटते ते बघा, वर्णनातली प्रत्येक लिंक आणि प्रत्येक वेळ दाबा, आणि जी चुकीच्या जागी नेते ती आजच दुरुस्त करा.